व्हिसा अडकलाय? मग युनिव्हर्सिटीला पत्र लिहा, आणि वेळेत लिहा

सातारा-सांगलीकडच्या पालकांसाठी आणि पोरापोरींसाठी ही पोस्ट आहे. थोडी लांब झालीय, पण ज्यांच्या घरात कुणी परदेशी शिकायला निघालंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी निदान शेअर करा.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात, आपल्याकडची बरीच मुलं एकाच जागी अडकली. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळालेला, डिपॉझिट भरलेलं, बँकेचं कर्ज मंजूर झालेलं आणि व्हिसाचा मात्र पत्ता नाही. २७ मे रोजी अमेरिकी सरकारनं जगभरातल्या वकिलातींना विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबवायला सांगितलं. १८ जूनला ते पुन्हा सुरू झालं, पण अर्जदाराची सोशल मीडियाची खाती तपासायची, त्यासाठी ती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची, अशी नवी अट आली. मे अखेर ते जून मध्य हे तीन आठवडे म्हणजे ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होणाऱ्या मुलांचा ऐन मोसम. तिथे खोळंबा झाला आणि पुढची सगळी रांग मागे सरकली.

त्या रांगेत माझी भाची होती. ताई-दाजी सांगलीत विश्रामबागला राहतात, मी साताऱ्यात. पोरगी वालचंदमधून इंजिनिअर झालेली. मी आयुष्यभर कचेरीत अर्ज आणि टिपण्या लिहिण्यात घालवली, म्हणून कागद आला की घरातले माझ्याकडे ढकलतात. तिच्या बाबतीत कागद कसा हलला, ते तारखांसकट सांगतो. युनिव्हर्सिटीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

तिच्या आय-२० वर, म्हणजे युनिव्हर्सिटी व्हिसासाठी जो फॉर्म देते त्यावर, कोर्स सुरू होण्याची तारीख होती २५ ऑगस्ट. मुलाखतीची तारीख मिळता मिळता २४ जुलै उजाडला. मुलाखत चांगली झाली. पण शेवटी पासपोर्ट ठेवून घेऊन हातात एक चिठ्ठी दिली. त्यावर कलम २२१ (जी). म्हणजे अर्ज आणखी तपासात आहे, निर्णय नंतर कळवू. किती दिवसांत? ते कुणी सांगत नाही.

घरी आल्यावर तिनं व्हिसाची स्थिती दाखवणारी वेबसाइट उघडली, तर तिथे शब्द दिसला Refused. ताईनं रडायलाच सुरुवात केली. इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं पत्र याच्यावर उभं आहे. कलम २२१ (जी) खाली अर्ज तपासात अडकला असला तरी त्या वेबसाइटवर Refused असंच दिसतं. याचा अर्थ कायमचा नकार असा नाही. तपास संपून व्हिसा मंजूर झाला की तोच शब्द बदलून Issued होतो. खरा नकार वेगळा असतो. तो बहुतेक वेळा कलम २१४ (बी) खाली येतो, पासपोर्ट तिथेच परत देतात, आणि पुन्हा प्रयत्न करायचा तर नवा अर्ज, नवी फी. आपल्या हातातल्या चिठ्ठीवर कोणतं कलम आहे हे आधी बघा. युनिव्हर्सिटीला ‘माझा व्हिसा नाकारला’ असं लिहिलं आणि प्रत्यक्षात तो प्रलंबित असला, तर तुमचं प्रकरण तिथल्या टेबलावर वेगळ्याच फायलीत जाऊन पडतं.

आता प्रश्न आला की युनिव्हर्सिटीला कळवायचं का आणि कधी. ज्या एजन्सीमार्फत अर्ज केले होते, तिथल्या माणसानं फोनवर सांगितलं, ‘काही कळवू नका, कळवलं की सीट जाते. व्हिसा येईल, वाट बघा.’ दाजींना ते पटलं. आपल्याकडे असंच असतं ना, साहेबाला आपणहून अडचण सांगायची नाही, सांगितली की नाव कटलं. पण प्रवेश कार्यालयाचं काम उलट चालतं. वर्ग सुरू झाले आणि विद्यार्थी आला नाही, काही कळवलंही नाही, तर तो ‘आला नाही’ म्हणून नोंदला जातो. जागा तर जातेच, डिपॉझिटही बहुधा जातं, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून अर्ज. ज्यानं मुदतीत लिहून प्रवेश पुढं ढकलून मागितला, त्याच्या अर्जाचा निदान विचार होतो. तेव्हा जागा बहुतेक जाते ती पत्र न लिहिल्यानं.

तिला मी म्हटलं, आधी पत्र लिहू नकोस, आधी दोन तारखा विचार. पहिली तारीख म्हणजे उशिरात उशिरा कॅम्पसवर कधी पोचलं तर चालेल. दुसरी म्हणजे प्रवेश पुढं ढकलायचा अर्ज कधीपर्यंत घेतात. या दोन तारखा वेगळ्या असतात आणि बहुतेकांना फक्त पहिली माहीत असते. तिनं परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला चार ओळींची मेल टाकली. उत्तर आलं. पोचायची शेवटची तारीख ५ सप्टेंबर. प्रवेश पुढं ढकलायच्या अर्जाची शेवटची तारीख १५ ऑगस्ट. त्यानंतर आलेला अर्ज घेत नाहीत, नव्यानं प्रवेश घ्यावा लागतो.

मग आम्ही पाटीवर मांडावा तसा हिशेब मांडला. व्हिसा मंजूर झाल्यावर पासपोर्टवर शिक्का उठून तो हातात यायला काही दिवस. मग बँकेनं पैसे सोडायचे, तिकीट काढायचं, प्रवास. सगळं धावपळीत केलं तरी बारा दिवस धरा. ५ सप्टेंबरमधून बारा गेले की २४ ऑगस्ट. म्हणजे २४ ऑगस्टपर्यंत व्हिसा मंजूर झाला तर ती कशीबशी पोचणार. पण अर्जाची मुदत १५ ऑगस्टलाच संपणार. मधले नऊ दिवस म्हणजे निव्वळ जुगार. मुदत सोडून दिली आणि २४ पर्यंत व्हिसा आला नाही, तर जागा गेली. मुदतीत अर्ज केला आणि १८ ला व्हिसा आला, तर?

‘मामा, तसं झालं तर दोन्हीकडून जाणार ओ मी,’ ती म्हणाली. ‘अर्ज करून ठेवू आणि व्हिसा आला तर रद्द करू, असं नाही का चालत?’

चांगला प्रश्न होता, म्हणून तोही कार्यालयाला विचारायला लावला. उत्तर सरळ होतं. एकदा प्रवेश पुढं ढकलला की सरकारी नोंदीत कोर्सची तारीख बदलते आणि नवा आय-२० निघतो. जुन्या तारखेचा आय-२० मग उपयोगाचा राहत नाही, तो दाखवून अमेरिकेत शिरता येत नाही. म्हणजे परतीची वाट नाही. मात्र तपासात असलेला व्हिसा अर्ज यानं आपोआप रद्द होत नाही. नवा आय-२० वकिलातीला कळवायचा, आणि ते सांगतील तसं करायचं.

१२ ऑगस्टपर्यंत वेबसाइटवर काही हललं नाही. घरात दोन तट पडले. ताई म्हणाली थांबा, दाजी म्हणाले आता कळवा. पोरीनं स्वतःच निर्णय घेतला. नऊ दिवसांच्या आशेवर अख्खी जागा लावायची नाही. त्याच संध्याकाळी पत्र लिहायला बसली.

तिचा पहिला मसुदा दोन पानांचा होता. आपल्या शाळेत शिकवलेला अर्जच तो, फक्त इंग्रजीत. सविनय विनंती, वडील साखर कारखान्यात नोकरीला, आजोबांचं आजारपण, लहानपणापासूनचं स्वप्न, आपली कृपा व्हावी. यातलं काही खोटं नव्हतं. पण तिकडं मेल वाचणाऱ्या माणसाला कृपा करायचा अधिकारच नसतो. त्याच्यापुढं त्या आठवड्यात असे पुष्कळ अर्ज असतात आणि त्याला चार गोष्टी शोधायच्या असतात. हा विद्यार्थी कोण, काय मागतोय, कारण काय, पुरावा कुठाय. त्या पहिल्या पाच ओळींत सापडल्या नाहीत तर मेल उलटसुलट होते, ‘अमुक माहिती पाठवा’ म्हणून परत येते, आणि तेवढ्यात १५ तारीख उलटते.

शेवटी जे पत्र गेलं ते इंग्रजीत होतं. त्याचा मजकूर मराठीत साधारण असा:

> विषय: प्रवेश ऑगस्ट २०२५ ऐवजी जानेवारी २०२६ पर्यंत पुढे ढकलण्याबाबत. (पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, कोर्सचे नाव)
>
> व्हिसाचा निर्णय प्रलंबित असल्यामुळे मी २५ ऑगस्टला सुरू होणाऱ्या सत्रासाठी वेळेत पोचू शकत नाही. माझा प्रवेश जानेवारी २०२६ च्या सत्रापर्यंत पुढे ढकलावा, अशी विनंती करते. जानेवारीत प्रवेश शक्य नसल्यास ऑगस्ट २०२६ साठी विचार व्हावा.
>
> माझी मुलाखत २४ जुलै रोजी झाली. अर्ज कलम २२१ (जी) अंतर्गत पुढील तपासात आहे. तो नाकारलेला नाही. वकिलातीने निर्णयाची तारीख दिलेली नाही. मुलाखतीची पावती आणि मिळालेली चिठ्ठी सोबत जोडली आहे.
>
> कृपया तीन गोष्टी कळवाव्यात. माझे डिपॉझिट पुढच्या सत्रासाठी धरले जाईल का? मला मिळालेली शिष्यवृत्ती कायम राहील का? नवा आय-२० आताच्याच सेव्हिस क्रमांकावर मिळेल का?
>
> बँकेचे अद्ययावत कर्ज मंजुरी पत्र लागल्यास मी लगेच पाठवीन.

एवढंच. आजोबा गेले, स्वप्न गेलं, कृपा गेली. दाजींना ते फार कोरडं वाटलं. ‘जरा विनंती तरी नीट करा की,’ म्हणाले. मी म्हटलं, दाजी, विनंती पहिल्याच परिच्छेदात आहे, बाकी सगळा पुरावा.

या पत्रातल्या काही गोष्टींमागचं कारण सांगतो, म्हणजे नुसती नक्कल होणार नाही.

‘पुढच्या सत्रापर्यंत’ असं मोघम लिहू नका, नेमकं सत्र लिहा. एम.एस.सारख्या पदव्युत्तर कोर्सला जागा द्यायची की नाही हे बऱ्याच ठिकाणी संबंधित विभाग ठरवतो, प्रवेश कार्यालय त्याची नोंद करतं. काही विभाग जानेवारीत विद्यार्थी घेतच नाहीत, कारण पायाभूत विषय फक्त ऑगस्टच्या सत्रात शिकवतात. म्हणून पहिली पसंती आणि दुसरी पसंती दोन्ही लिहिल्या, आणि पत्राची प्रत विभागाच्या समन्वयकाला पाठवली. समन्वयकाचा होकार आधी आला, म्हणून पुढचं लवकर झालं.

सेव्हिस क्रमांकाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो पैशाचा आहे. आय-२० वर ‘एन’ अक्षरानं सुरू होणारा एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावर आपण ३५० डॉलर फी भरलेली असते. युनिव्हर्सिटीनं त्याच क्रमांकावर तारीख बदलून दिली तर ती फी लागू राहते. नवा क्रमांक काढला तर भरलेली फी त्या नव्या क्रमांकावर वळवून घ्यावी लागते, आणि हे लक्षात आलं नाही तर ऐन वेळी घोळ होतो. एका ओळीत विचारून ठेवलेलं बरं.

शिष्यवृत्तीचं कुणी गृहीत धरू नये. प्रवेश पुढं ढकलला म्हणजे फी-माफी किंवा असिस्टंटशिपही पुढं जाते असं नाही. तो त्या वर्षाच्या पैशातून केलेला निर्णय असतो. भाचीला हेच उत्तर आलं. प्रवेश कायम, डिपॉझिट कायम, शिष्यवृत्तीचा विचार विभाग नव्यानं करेल. हे लेखी आलं म्हणून ती पुढच्या कर्जाचा हिशेब शिष्यवृत्तीशिवाय करून बसली. नाही तर जानेवारीत पोचल्यावर कळलं असतं.

आणि वेळ. १५ ऑगस्टची मुदत म्हणजे त्यांच्या घड्याळाची मुदत. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडची मध्यरात्र उलटून गेलेली असते. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन आणि सुट्टी, तिकडे नेहमीचा कामाचा शुक्रवार. तिनं १२ तारखेला पाठवलं, १४ ला होकार आला. शेवटच्या रात्रीवर ठेवलं असतं आणि एखादा कागद कमी निघाला असता, तर दुरुस्तीला वेळ उरला नसता.

युनिव्हर्सिटीचं झालं म्हणजे सगळं झालं, असं नाही. याच आठवड्यात दुसरं पत्र बँकेला द्यायचं. कर्जाच्या मंजुरी पत्राला मुदत असते, ती किती आहे ते पत्रातच बघा. तारीख बदलल्याचं युनिव्हर्सिटीचं पत्र जोडून मुदत वाढवून मागा. दाजींनी प्लॉट तारण ठेवलेला. सुदैवानं बँकेनं एक रुपयाही सोडलेला नव्हता, त्यामुळे व्याज सुरू झालेलं नव्हतं. शक्य असेल तिथं व्हिसा हातात आल्याशिवाय सत्राची फी पाठवू नका. पाठवली असेल तर ती पुढच्या सत्राला वळती करायची की परत घ्यायची हेही त्याच पत्रात विचारा. नवा आय-२० देताना युनिव्हर्सिटी ताजे आर्थिक कागद मागू शकते, म्हणून बँकेचं नवं पत्र जवळ असलेलं बरं. इंग्रजीच्या परीक्षेचा निकालही बघून ठेवा. टोफेल, आयईएलटीएस दोन वर्षं चालतात, जीआरई पाच वर्षं. एका सत्रानं फरक पडत नाही, पण वर्षभर पुढं गेलात तर पडू शकतो.

नवा आय-२० सप्टेंबरच्या सुरुवातीला आला, कोर्सची तारीख १२ जानेवारी २०२६. तो तिनं वकिलातीला त्यांनी सांगितलेल्या पद्धतीनं कळवला. ऑक्टोबरात वेबसाइटवरचा शब्द बदलला. ऑगस्टच्या २४ तारखेला नाही, ऑक्टोबरात. थांबून राहिली असती तर काय झालं असतं, ते मी घरात कुणाला बोलून दाखवलं नाही, सगळ्यांना ते कळत होतं. कोर्स सुरू होण्याच्या तारखेआधी तीस दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत शिरता येत नाही, म्हणून तिचं तिकीट १३ डिसेंबरच्या पुढचंच काढावं लागणार होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती गेली.

याची किंमत मोजावी लागलीच. ती पाच महिने घरी बसली. एक पायाभूत विषय आता तिला पुढच्या ऑगस्टमध्येच घेता येणार, त्यामुळे कोर्स एका सत्रानं लांबू शकतो, म्हणजे राहण्या-खाण्याचा तेवढा खर्च वाढला. शिष्यवृत्तीचं अजून अधांतरी आहे. एवढ्याशा पत्रानं हे सगळं भरून निघत नाही. पण जागा राहिली.

साताऱ्यात बसून हे लिहितोय म्हणून एक आठवण करून देतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा. आता तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. हाच विद्यार्थी १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पोचला, आणि बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं १९१७ मध्ये त्याला अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. पण परत येताना त्यानं लंडन विद्यापीठाकडून परवानगी घेऊन ठेवली होती, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढं सुरू करायची. १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. झाले. तेव्हा अडचण पैशाची होती, व्हिसाची नव्हती, आणि त्यांच्या वाटेतल्या अडचणींशी आपल्या पोरांच्या अडचणींची तुलना करायची नाही. पण निघण्याआधी परत यायची मुदत मागून घेणं, ही गोष्ट तेवढीच जुनी आहे.

आता या वर्षीच्या मुलांसाठी. आय-२० हातात आला की त्याच दिवशी त्या दोन तारखा विचारून घ्या, पोचायची शेवटची आणि अर्जाची शेवटची, आणि कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा. मुलाखतीत चिठ्ठी मिळाली तर तिचा फोटो काढून ठेवा. ब्रिटनला जाणाऱ्यांना आय-२० ऐवजी कॅस मिळतो, तो सहा महिन्यांच्या आत व्हिसा अर्जासाठी वापरावा लागतो, आणि प्रवेश पुढं ढकलला तर नवा कॅस मागावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

पत्राचा मसुदा कुणाला तपासून हवा असेल तर मेसेज करा. संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो. फक्त चौदा ऑगस्टला रात्री अकराला नका पाठवू.